दावं मालकानंच सोडायचं

बेल्ह्याच्या बैलबाजारात चांगदेवचा हात रुमालाखाली गेला की सौदा झाला असं लोक धरून चालायचे. खाली बोटं बोटांशी काय बोलली ते तिसऱ्याला कळत नसे. पण रुमाल उचलला, चांगदेव हसला, की दुसरा दलाल त्या जनावराकडे बघायचाही नाही. पंचवीस वर्षांत त्यानं कागद केला नव्हता आणि शब्द फिरवला नव्हता. शेती बेताचीच. घर चाललं, पोरगी शिकली, ते ह्या हातावर.

त्याच हातानं त्यानं नोव्हेंबरात आणे गावच्या दादाभाऊचा हात धरला. दादाभाऊ औषधांच्या कंपनीत नऊ वर्षं केमिस्ट. गावाकडं आला की बाजारात चक्कर ठरलेली. चांगदेवची अश्विनी ऑरगॅनिक केमिस्ट्रीत एम. एस्सी. पास होऊन चार महिने घरी होती. दादाभाऊनं तिची मुलाखत घडवून आणली, तिची निवडही झाली.

"चांगदेवभाऊ, आर अँड डीत घेतायत. तिथं रात्रपाळी न्हाई. पण दोन वर्षांचा बाँड, आन् ओरिजनल मार्कलिस्टा कंपनीत ठेवाव्या लागतील. एक जानेवारीला हजर व्हायला पाह्यजे. साहेबाला मी शब्द देऊ का?"

"दे की राव!" चांगदेवनं गळ्यातला रुमाल काढला, दादाभाऊच्या हातावर टाकला, खालून पंजा दाबला. आजूबाजूचे हेडी, जनावरांचे व्यापारी, हसले. "घ्या! चांगदेवनं लेक इकली!"

चांगदेवही हसला. चेष्टा होती. चेष्टेत हिशोब धरायचा नसतो, असं त्याला त्या वेळी वाटलं.

डिसेंबरात नेटचा निकाल लागला. अश्विनीनं जूनमध्ये परीक्षा दिली होती. घरच्यांच्या ते लक्षातही नव्हतं. नारायणगावच्या सायबर कॅफेतून ती आली तेव्हा तोंडावर आनंद होता की धास्ती, हे साळुबाईला ओळखता येईना.

"जेआरएफ मिळालीय, आई. पीएचडी करायला सरकार दर महिन्याला फेलोशिप देतं."

"म्हंजी शिकायचे पैशे उलटे आपल्यालाच?" साळुबाईनं भाकरीचा हात थांबवला. "आन् किती वर्सं?"

"पाच तरी."

"पाच!" साळुबाई भाकरीकडे वळली. "म्हंजी तू अठ्ठावीसची. मग तुला नवरा कुठला? बिगर पीएचडीचा हिला चालंना, पीएचडीवाला आपल्याला झेपंना."

चांगदेवला त्या दिवसाचा रुमाल आठवत होता.

जेवताना साळुबाईनंच तोड काढली. "दोन वर्सं नोकरी कर. मग शिक. दोन्ही व्हतंय की."

"नाही होत, आई. फेलोशिपचं पत्र दोन वर्षांपुरतंच असतं. तेवढ्यात कुठंतरी संशोधनाला लागलं पाहिजे. बाँड सुटेपर्यंत पत्र मेलेलं असणार. मधेच सोडावं तर मार्कलिस्टा कंपनीच्या कपाटात."

"मग मुलाखतीला गेलीसच कशाला?" चांगदेव पहिल्यांदा तोंड उघडता झाला.

अश्विनीनं ताटातला भात उगीच कालवला. "नेट निघेल असं मलाच वाटलं नव्हतं, तात्या."

पुढचे काही दिवस घरात कुणी भांडलं नाही, आणि तेच वाईट होतं. कॉलेजातले हांडे सर एसटीनं बेल्ह्याला येऊन गेले. "अहो, आमच्या कॉलेजातून इतक्या वर्षांत ही दुसरी. ही फेलोशिप सोडायची नाही," म्हणाले. चांगदेवनं चहा पाजला, ऐकून घेतलं. मास्तर चांगलेच होते. पण बैल चांगला आहे असं सांगणारा आणि तो पोसणारा हे दोन वेगळे असतात, हेही त्याला ठाऊक होतं.

शेवटी तो म्हणाला, "चल. त्या तुझ्या पुण्याच्या लॅबोरेटरीत जाऊ. बगितल्याबिगर मी काय बोलत न्हाई."

अश्विनीच्या मनातले गाइड मोठे होते. खोलीभर पुस्तकं, भिंतीवर मानपत्रं, केस काळेभोर. पोरीला त्यांनी दहा मिनिटं प्रश्न विचारले आणि खूश झाले. चांगदेव कडेच्या खुर्चीत रुमाल मांडीवर घेऊन बसला होता. त्याची नजर साहेबांच्या कानाजवळ. तिथं केसांच्या मुळाशी गव्हाएवढी पांढरी कड दिसत होती. शिंगं साळून, तेल लावून आणलेला म्हातारा बैल त्यानं आयुष्यात कितीतरी वेळा ओळखला होता.

"साहेब, रागावू नका. नोकरी किती ऱ्हायली?"

"तात्या!" अश्विनीचा चेहरा लाल झाला.

साहेब मोठ्यानं हसले. "तीन वर्षं. तुमचा प्रश्न बरोबर आहे, आणि पोरं नेमका तोच विचारत नाहीत. हिला पाच लागणार. मी निवृत्त झालो की ही अर्ध्यात लोंबकळेल. माझ्याकडे नको. खाली उज्ज्वला मॅडम आहेत, त्यांना भेटा."

खाली जाण्याआधी चांगदेवनं पोरीला कॅन्टीनबाहेर बसवलं आणि स्वतः चहा पिणाऱ्या पोरांत जाऊन मिसळला. जनावराची खोड विकणाऱ्याला विचारायची नसते. त्याला पाणी पाजणाऱ्याला विचारायची. दाढी वाढलेला एक गोरख नावाचा पोरगा सापडला. पीएचडीचं सहावं वर्ष.

"कुठं अडलंय, भाऊ?"

"चौदा पायऱ्यांचं संश्लेषण आहे, काका. एका पदार्थातून दुसरा, दुसऱ्यातून तिसरा. बारा झाल्या. तेरावी होत नाही."

"मग परत करायची."

"करायला माल कुठाय? दर पायरीला थोडा वाया जातो. पहिल्या पायरीला बाटलीभर घेतला तर बाराव्या पायरीला चिमूट उरते. ती चिमूट तेराव्या पायरीत गेली की परत पहिल्यापासून. दोन-अडीच महिने." तो चहाकडे बघत राहिला. "फेलोशिप पाच वर्षांचीच असते. गेल्या वर्षी संपली. आता भाऊ पैसे पाठवतो."

"सोडून देत न्हाईस?"

"आता सोडलं तर मी कोण, काका? एम. एस्सी. तर सहा वर्षांपूर्वीच होतो."

चांगदेवनं त्याच्या चहाचे पैसे दिले. पोरीकडे परत येताना त्याचा चेहरा पडलेला होता.

उज्ज्वला मॅडम त्याला फारच लहान वाटल्या. अश्विनीची मोठी बहीण शोभली असती. हातात मोजे, टेबलावर काचेच्या पट्ट्या वाळत ठेवलेल्या.

"मला पीएचडीचे विद्यार्थी घ्यायची मान्यता याच वर्षी मिळालीय," त्या सरळ म्हणाल्या. "आधीचा एकही विद्यार्थी नाही, म्हणजे कुणाला विचारून खात्री करता येणार नाही तुम्हाला. माझी स्वतःची नोकरी अजून पक्की झालेली नाही. मला काम दाखवायचंय, म्हणून मी हिला राबवणार. रविवारीसुद्धा. विषय नवा आहे, चालेलच असं नाही. नाही चालला तर दीड वर्षात मी स्वतः सांगेन आणि बदलू. चहा घेणार?"

चांगदेव त्यांच्याकडे बघत राहिला. बाजारात वर्षातून एखादाच माणूस असा भेटतो की जो आपल्या बैलाची खोड आपणच सांगतो. त्याच्याकडून चांगदेव डोळे झाकून जनावर घ्यायचा. त्यातही एकदा फसला होता.

परतीच्या एसटीत राजगुरुनगर मागं पडेपर्यंत दोघं खिडकीबाहेर बघत होती.

"बाई लबाड न्हाई," चांगदेव म्हणाला. "पन मी दादाभाऊच्या हातात हात दिलाय. सगळ्या बाजारादेखत. तो मोडला तर उद्या माझ्या रुमालाखाली कोन हात घालील? पोटाचा प्रश्न हाय तो, अश्विनी. मानापानाचा न्हाई."

अश्विनी हळूच म्हणाली, "तात्या, दलालांनी भाव ठरवल्यावर बैलाचं दावं कोण सोडतं?"

"मालक. दुसरा कोन?"

"आणि मालकानं नाही सोडलं तर?"

"तर सौदा न्हाई. दलालानं कितीबी हात दाबू दे. मालकानंच दावं सोडून घेणाऱ्याच्या हातात दिलं पाह्यजे, रीतच हाय ती..." तो बोलता बोलता थांबला. पंचवीस वर्षांत पहिल्यांदाच त्यानं मालक कोण हे न विचारता हात दिला होता, आणि तोही घरच्या मालावर.

"मी माल नाही, हे मला असं तोंडावर सांगायचं नव्हतं," अश्विनी म्हणाली. "तुमच्याच रीतीनं सांगितलं, म्हणजे पटेल."

"लई शिकलीस," चांगदेव पुटपुटला. त्यात कौतुक किती आणि कडवटपणा किती, ते त्याचं त्यालाच सांगता आलं नसतं.

रविवारी दोघं आण्याला गेली. दादाभाऊ ओट्यावर पोराला गणितं घालत बसला होता. चांगदेवनं तोंड उघडायच्या आत अश्विनीच पुढं झाली.

"दादाभाऊ, मी येत नाहीये. जेआरएफ मिळाली. चूक तात्यांची नाही. मुलाखतीच्या वेळीच निकाल बाकी आहे असं मी सांगायला पाहिजे होतं. सांगितलं असतं तर तुम्ही शब्द टाकला नसता, म्हणून गप्प बसले."

दादाभाऊनं पोराला आत पाठवलं.

"जागा दोन व्हत्या," तो सावकाश म्हणाला. "माझा भाचा हौशीराम, त्योबी एम. एस्सी. साहेब म्हनले, तुमच्याकडचा एकच घेतो. मी तुझं नाव सांगितलं. तुझे मार्क जास्त व्हते म्हनून. आता यादी बंद झालीया. तुझी जागाबी आता आमच्यातल्या कुनालाच न्हाई."

चांगदेवची मान खाली गेली.

"माझा साहेब पीएचडी हाय," दादाभाऊ पुढं म्हणाला. "माझ्यापरीस चार वर्सांनी ल्हान. रिअ‍ॅक्शन मी लावतो, सही त्याची. तू जातीयेस ते बराबरच हाय. मला राग येतोय, ते येगळं." तो उठला, चपला पायात सरकवल्या. "पाच-सहा वर्सांनी येशील माझ्या डोक्यावर. तवा मला दादाभाऊच म्हन. मिस्टर म्हनू नको."

चहाचं त्यानं विचारलं नाही. आण्यात दारी आलेल्याला चहा न विचारणं म्हणजे काय, हे तिघांनाही कळत होतं.

एक जानेवारीला अश्विनी पुण्याला गेली, पण कंपनीत नव्हे, उज्ज्वला मॅडमच्या लॅबमध्ये. पुढच्या बाजारात चांगदेव नेहमीच्या बाभळीखाली उभा राहिला. गिऱ्हाइकं आली, जनावरं बघितली, दुसऱ्या दलालाकडं गेली. जानकू हेडी पान थुंकून म्हणाला, "चांगदेवा, आता तुजा हात धरायचा म्हंजी आदी पोरीला इचारायचं का रं?"

सगळे हसले. चांगदेवही हसला, ह्या वेळी हिशोब धरून. दुपारपर्यंत एक खिलारी जोडी त्याच्याकडं आली. भाव विचारण्याआधी त्यानं विचारलं, "मालक कोन? त्याला हितं उभा कर. मग हात घालू."

"ही कंची नवी रीत?"

"जुनीच हाय. मी इसरलो व्हतो."

सौदा झाला, पण त्या दिवशी तेवढाच.

फेब्रुवारीत शेजारच्या दुकानातल्या फोनवर अश्विनीचा आवाज आला. थकलेला.

"तात्या, तीन आठवड्यांची रिअ‍ॅक्शन वाया गेली. फ्लास्कमध्ये नुसतं डांबर."

"खोड कुनाची? मालाची का हाताची?"

"अजून कळलं नाही."

चांगदेवला गोरखची दाढी आठवली, हौशीरामची बंद झालेली यादी आठवली. धीर द्यावा असं वाटलं, पण आपल्याकडं तो आहे की नाही याची त्याला खात्री नव्हती, आणि नसलेला माल त्यानं कधी दाखवला नव्हता.

"बाईंनी काय म्हनलं?"

"उद्या परत लावू म्हणाल्या."

"मंग लाव," तो म्हणाला, आणि फोन ठेवताना दुकानदाराला उगीचच सांगितलं, "रविवार हाय तरी लॅबमधीच हाय ती."