विशालाक्षीचं कपाळ

विड्याच्या पानासारखा चेहरा, वर कपाळ रुंद आणि खाली हनुवटी टोकदार, असला की केस कसे कापावेत हे माउंट रोडवर माझ्याइतकं कुणाला कळत नाही, अशी माझी १९६२ सालापर्यंत समजूत होती.

त्या वर्षी सीतालक्ष्मीबाई आपल्या मुलीला, विशालाक्षीला, माझ्या पार्लरमध्ये घेऊन आल्या. आमच्याच तंजावरी मराठी लोकांतल्या. दिल्लीतल्या नवऱ्या मुलाला आखूड केसांची बायको हवी होती आणि रविवारी तो आईबरोबर मुलगी बघायला येणार होता. एरवी मुलीचे कंबरेपर्यंतचे केस जपणाऱ्या बाई जावयासाठी कात्रीला राजी झाल्या होत्या. त्यांना मी बाहेर बाकावर बसवलं आणि पडदा ओढला.

विशालाक्षीला मी समजावलं, केस हनुवटीच्या किंचित खाली ठेवू. टोकं आत वळवली की जबड्यापाशी भरीवपणा येतो. भांग बाजूला आणि पुढची बट तिरकी सोडली की कपाळ बेताचं दिसतं. कानाच्या वर कापून मागे फिरवले आणि माथ्यावर फुगवले, तर मात्र कपाळ आणखी मोठं आणि हनुवटी सुईसारखी.

"अक्का, मग तसंच कापा," ती म्हणाली. "त्यानं नको म्हणायला हवं. इथली, तिरुवल्लिकेणीच्या शाळेतली नोकरी मला सोडायची नाही."

वीस वर्षांत मुद्दाम वाईट कापायला मला कुणी सांगितलं नव्हतं. पण पोरीचा मला फार कळवळा आला. कानाच्या वर कापले, उलटा कंगवा फिरवून माथा फुगवला, पुढची बट आखूड कापून कपाळ सगळं उघडं ठेवलं. इतकं वाईट काम मी इतक्या मनापासून कधी केलं नव्हतं. सीतालक्ष्मीबाईंनी बघून डोक्याला हात लावला, तेव्हा मी दिल्लीची नवी फॅशन म्हणून ठोकून दिलं.

पंधरा दिवसांनी विशालाक्षी परत आली. बरोबर एक ठसठशीत कुंकवाच्या बाई होत्या. या त्या दिल्लीच्या मुलाच्या आई, राजसबाई. मुलाला मुलगी आवडली नव्हती, हे त्यांनी स्वतःच सांगितलं. पण त्यांच्या घरात मुलाला विचारायची पद्धत नव्हती.

"आधी बघितलेल्या दोन मुलींच्या कपाळावर केस होते. नशीब झाकून ठेवणारी सून मला नको," त्या म्हणाल्या. "हिचं कपाळ बघितलं आणि तिथंच सुपारी फोडली. लग्नासाठी अगदी असंच कापा. पुढंही असंच राहील."

म्हणजे त्या दिवशी मी माझं नेहमीचं, चांगलं काम केलं असतं, तर पोरगी सुटली असती.

विशालाक्षी आरशातून माझ्याकडे बघत होती. मी तिची पुढची बट बोटांत धरली. पंधरा दिवसांत ती जेमतेम तांदळाच्या दाण्याएवढी वाढली होती. कपाळावर ओढून बघितली, पुरली नाही.