उद्याची चिठ्ठी

त्या मंगळवारी दुकानात एक घाईतलं गिऱ्हाईक आलं होतं. घड्याळ दुरुस्त होऊन समोर टिकटिकत होतं आणि बाबा ते द्यायला तयार नव्हते.

"अहो, चालतंय की!"

"आत्ता चालतंय. उद्या या."

"मला आजच हवंय."

"आज घेऊन गेलात तर परवा शिव्या द्यायला याल."

बाबांचा हा नियम अडतीस वर्षांचा. दुरुस्त केलेलं घड्याळ एक पूर्ण दिवस भिंतीवरच्या फळीला टांगलेलं राहायचं, खाली त्यांच्या बारीक अक्षरात चिठ्ठी: 'उद्या'. दुसऱ्या दिवशी वेळ जुळवून पाहायची, ती मात्र बाबांनी नाही. ते शेजारच्या टेलरकाकांना हाक मारायचे. ज्यानं घड्याळ उघडलं त्याच्या डोळ्याला ते बरोबरच दिसतं, असं त्यांचं म्हणणं.

"माझा पगार कधी देतोस?" गळ्यात टेप अडकवून काका विचारायचे.

"तू शिवलेल्या विजारीची एक बाही दुसरीपेक्षा लांब असते हे मी कुणाला सांगत नाही, तोच तुझा पगार."

"विजारीला बाही असते होय रे? म्हणून तुझी घड्याळं मागे पडतात!"

मी त्या दिवशी वाचनालयातून परत जाताना डोकावले होते. हसले आणि निघाले. तो आमचा शेवटचा साधा दिवस. तेव्हा तो तसा वाटला नाही.

बुधवारी सकाळी दहाला बाबांना फोन आला. त्यांच्या नावाच्या पार्सलमध्ये बंदी असलेला माल सापडला म्हणे. मग दुसरा माणूस पडद्यावर आला, गणवेशातला, मागे झेंडा, टेबलावर फाइली. तो आवाज चढवत नव्हता. कॅमेऱ्यासमोरून उठायचं नाही, कुणाशी बोलायचं नाही, बोललात तर मुलीलाही आत घ्यावं लागेल. खात्यातला पैसा तपासणीसाठी सरकारी खात्यात ठेवायचा, संध्याकाळपर्यंत परत. मुदत दोन तास.

बाबांनी शटर आतून अर्धं ओढलं. काकांनी ठोठावलं तेव्हा "डोकं दुखतंय" म्हणाले. बँकेत बाईंनी विचारलं, एवढी रक्कम कशासाठी? "मुलीच्या घरासाठी," बाबा म्हणाले. ते उत्तरही त्या माणसानंच पढवलं होतं, आणि खिशातला फोन चालूच होता.

ज्यानं आयुष्यभर कुणालाही आजचं घड्याळ आज दिलं नाही, त्यानं सगळी पुंजी दोन तासांत दिली.

संध्याकाळी त्यांनी मला सांगितलं. सांगताना ते भिंग पुसत होते. पुसून झालेलं पुन्हा पुसत होते. मी एकच वाक्य बोलले: "बाबा, एक दिवस थांबायचं तुम्हीच ना शिकवलंत?"

त्यांनी मान हलवली. मग म्हणाले, "कुणाला सांगू नकोस. टेलरला तर मुळीच नको. तक्रारही नको."

मी सांगितलं नाही. चोरानं लावलेली कडी आम्ही आतून जपून ठेवली. चार महिन्यांनी ते गेले. डॉक्टर हृदयाचं म्हणाले.

दुकान रिकामं करायला मी बसले होते तेव्हा माझा फोन वाजला. एक बाई, स्वच्छ, सावकाश मराठी.

"तुमच्या वडिलांच्या प्रकरणातली रक्कम जप्त झाली आहे. परत मिळण्याच्या यादीत त्यांचं नाव आहे."

तिनं रक्कम सांगितली. शेवटच्या आकड्यापर्यंत बरोबर. तारीख बरोबर. बँकही बरोबर. बाबांचे पैसे! पैशांपेक्षाही, त्यांच्या कपाळावरचा डाग पुसला जाईल असं काहीतरी.

"फक्त प्रक्रिया शुल्क आगाऊ भरायचं. आज चारपर्यंत. मग फाईल बंद होते. आणि मॅडम, तपास गोपनीय आहे. बाहेर कळलं तर आरोपी सावध होतील."

शुल्क दुकानाची जागा विकण्यापोटी मला आलेल्या विसाराएवढं होतं. माझ्याकडे तेवढंच होतं. सव्वातीन वाजले होते. मी फोनवर बँकेचं पान उघडलं.

खाते क्रमांक नीट वाचावा म्हणून मी भिंतीजवळच्या दिव्याखाली गेले. फळीवर एकच घड्याळ उरलं होतं, सेलवर अजून चालणारं, कुणी न नेलेलं. खाली चिठ्ठी.

"मी उद्या सांगते," मी म्हणाले.

बाईचा आवाज तोच राहिला, पण त्यातला सावकाशपणा गेला. "उद्या नाही. मॅडम, अर्धंच भरा आता." मी बँकेचं पान बंद केलं. "ठीक आहे. मग चौकशीत वडिलांचं नाव येईल. शेजारीपाजारी विचारतील. मेलेल्या माणसाची अब्रू काढायची आहे का तुम्हाला?"

मी फोन ठेवला. चार वाजेपर्यंत तो अकरा वेळा वाजला. पावणेपाचला, मुदत टळून गेल्यावर, पुन्हा वाजला. साहेबांनी खास उद्या सकाळपर्यंत वाढवून दिली आहे म्हणे. बंद झालेली फाईल उघडली होती. हे मला ऐकू आलं, तरी आशा सुटली नाही. त्यांना आमचं सगळं माहीत होतं, या एका गोष्टीनं ती धरून ठेवली होती.

सकाळी मी टेलरकाकांच्या दुकानात गेले. ते काजं करत होते.

"ये गं. चहा सांगू?"

"काका, बाबांना फसवलं होतं."

सुई थांबली. मी सगळं सांगितलं. शटर, बँक, कालची बाई. काकांनी मध्ये एकदाही 'अरेरे' म्हटलं नाही. ऐकून झाल्यावर त्यांनी एकच विचारलं.

"तक्रार केली होती कुठे?"

"नाही. कुणालाच सांगितलं नव्हतं."

"मग हिला रक्कम कुणी सांगितली, पोरी?"

बँकेला रक्कम माहीत होती, पण ती फसवणुकीत गेली हे तिघांनाच ठाऊक होतं. बाबा गेले. मी बोलले नाही. तिसरा फक्त घेणारा. रात्रभर हे माझ्या समोर होतं आणि मला दिसलं नाही. घड्याळ मी उघडलेलं होतं.

फोन वाजू लागला. काकांनी हात पुढे केला नाही. "वाजू दे. खऱ्या कचेरीला तुझ्या गप्प बसण्याची गरज नसते."

आम्ही पत्ता स्वतः शोधून सायबर पोलिसांच्या खऱ्या कचेरीत गेलो. असं कुठलंच शुल्क नसतं, तिथला अधिकारी म्हणाला. एकदा फसलेल्यांचे तपशील हे लोक जपून ठेवतात, विकतातही. बाबांची तक्रारही त्यानं लिहून घेतली. मग पेन टेकवून म्हणाला, "त्याच दिवशी कळवलं असतंत तर कदाचित पैसे वाटेत अडवता आले असते." त्यानं ते रागानं म्हटलं नाही.

परत आल्यावर बाबांच्या दुकानाचं कुलूप काढताना काका म्हणाले, "भिंतीपलीकडे होतो मी. नुसती हाक मारली असती त्यानं."

"त्यांना तुमच्यासमोर लाज वाटली असती."

"मग हसलो असतो दोघं. आणि मी म्हटलं असतं, उद्या बघू."

त्यांनी फळीवरचं घड्याळ काढलं, आपल्या मनगटावरच्या वेळेशी जुळवलं. "बरोबर आहे," म्हणाले, माझ्या हातात दिलं आणि शेजारी निघून गेले.

मी बाबांच्या स्टुलासमोर उभी राहिले. त्या संध्याकाळी मी त्यांना नियम विचारला होता. जे विचारायला हवं होतं ते विचारलंच नव्हतं. दुकानात कुणी नव्हतं, तरी मी मोठ्यांदा म्हणाले:

"बाबा, खूप घाबरला होतात का हो?"