आठवड्याची आखणी आणि आईचं ताट

रुग्णवाहिकेवर काम करणाऱ्या त्या बाईला सगळे सिस्टरच म्हणत. ड्रायव्हर म्हणे, साहेब म्हणत, आणि रागावला की नवरासुद्धा म्हणे. धाकटा वर्षाचा झाल्यावर ती कामावर परतली, तेव्हा साहेबांनी आडपडदा न ठेवता सांगितलं, "दोन महिन्यांनी चाचणी आहे, तोवर गाडीवर बसा, पण स्ट्रेचर उचलायचं नाही. स्ट्रेचरवर माणसाच्या वजनाचा पुतळा, पुढे ड्रायव्हर, मागे तुम्ही. दोन मजले चढायचे, मध्ये टेकवायचं नाही. जमलं तर गाडी तुमची, नाही तर नियंत्रण कक्षात फोन घ्यायचे."

फोन घेणं काही कमीपणाचं नव्हतं. पण तिचा जीव गाडीत अडकलेला. भोंगा ऐकला की हातातलं काम टाकून ती अजूनही दाराकडे वळायची. म्हणून ती तडक रुग्णालयातल्या फिजिओथेरपिस्ट बाईंकडे गेली.

"रोज किती वेळ आहे?" बाईंनी विचारलं.

"पंचेचाळीस मिनिटं. त्यातच व्यायाम आणि त्यातच रात्रीचा स्वयंपाक. घरात पाच तोंडं आहेत."

बाई हसल्या नाहीत, उलट त्यांचे डोळे चमकले. असं कोडं त्यांना बऱ्याच दिवसांत मिळालं नव्हतं. त्यांनी आठवडा असा बसवून दिला: सोमवार, बुधवार आणि शुक्रवारी पंचवीस मिनिटं ताकदीचा व्यायाम, म्हणजे वाळू भरलेली पाठपिशवी घेऊन उठाबशा, ती जमिनीवरून पाठ ताठ ठेवून उचलणं, पायरीवर चढ-उतार आणि दोन्ही हातांत पाण्याचे कॅन घेऊन चालणं. उरलेल्या वीस मिनिटांत झटपट जेवण. मंगळवारी आणि गुरुवारी भरभर चालणं, शनिवारी सुट्टी, आणि रविवारी सगळा वेळ ओट्यापाशी. आदल्या रात्री भिजवलेले चणे कुकरला लावायचे, अंडी उकडायची, ओव्हनच्या एकाच ट्रेमध्ये चिकन आणि भाज्या भाजायच्या, आणि गार झालं की लगेच फ्रीजमध्ये टाकायचं. शिजवलेलं तीन दिवसांपलीकडे ठेवायचं नाही, म्हणून बुधवारी कुकर पुन्हा चढवायचा. तो वाफ धरेपर्यंत इकडे उठाबशा.

"आणि रात्री तुमच्या ताटात हे एवढं," बाईंनी तळहात पसरून दाखवला. "एवढं चिकन, नाही तर दोन अंडी आणि वाटीभर चणे. स्नायू हवेतून येत नाहीत, सिस्टर."

पहिले तीन आठवडे गाडी रुळावर होती. थोरली लेक उठाबशा मोजायची आणि मोजताना हटकून चुकायची. सासूबाई सोफ्यावरून म्हणायच्या, "अगं, घरात दोन पोरं उचलतेस ती कमी पडली का?" पिशवीत दर आठवड्याला थोडी वाळू वाढत होती.

चौथ्या आठवड्यात घोडं अडलं. सोमवारी जेमतेम उचललेली पिशवी शुक्रवारी जमिनीवरून हलेना. तिने पिशवी सोडून दिली आणि फरशीवर बसून तिच्याकडे बघत राहिली. दुसरी एखादी रडली असती. हिला मात्र प्रश्न पडला. शुक्रवारीच का?

मग ती शोधाला लागली. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा तिचा खाक्या. आधी बूट बदलून पाहिले. मग धाकट्याला नवऱ्याजवळ झोपवून आपण सलग झोपून पाहिलं. मग व्यायाम संध्याकाळच्या ऐवजी सकाळी केला, त्यात मुलांच्या डब्यांचे बारा वाजले. पिशवी ढिम्म. चाचणीला तीन आठवडे उरले आणि तिला खरोखर भीती वाटू लागली.

एका दुपारी पेशंट सोडून परतताना तिला चक्कर आल्यासारखं झालं. ड्रायव्हरने गाडी बाजूला घेतली आणि तिचाच आवाज काढून, रोज पेशंटला विचारते तसं विचारलं, "काय होतंय? गोळ्या चालू आहेत? काल रात्री काय खाल्लं?"

ती हसत हसत उत्तर द्यायला गेली आणि थांबली. नवऱ्याने काय खाल्लं ते तिला माहीत होतं. थोरलीने किती चणे बाजूला काढले, सासूबाईंना कुठला तुकडा मऊ लागला, धाकट्याने अंड्यातलं पिवळं कुणाच्या केसांना लावलं, सगळं तोंडपाठ. स्वतःचं ताट काही केल्या डोळ्यांपुढे येईना.

"अहो, मला आठवतच नाहीये," ती म्हणाली.

"पेशंटने असं सांगितलं की तुम्ही कशा डोळे वटारता!" ड्रायव्हर म्हणाला आणि गाडी सुरू केली.

त्या रात्री ती नवऱ्याला म्हणाली, "आज तू वाढ. मी बसते." त्याने खांदे उडवले आणि वाढायला घेतलं. हा माणूस छापखान्यात कामाला, कागदाचे गठ्ठे समान करायची सवय हाडीमाशी खिळलेली. त्याने पाच ताटं ओळीने मांडली, चिकन वाटून टाकलं आणि एक ताट तिच्यापुढे सरकवलं.

तिने ताटाकडे पाहिलं. "हे कुणाचं?"

"तुझं."

"एवढं?"

"एवढं म्हणजे? सगळ्यांइतकंच आहे. धाकट्याला तेवढं कमी दिलंय."

तळहाताएवढा तुकडा होता. बाईंनी सांगितला होता अगदी तेवढाच. इतके आठवडे ती तो शिजवत होती, गार करत होती, डब्यात भरत होती, आणि वाढताना त्याचे तुकडे करून इतरांच्या ताटांत टाकत होती. रविवारी भांडं भरलेलं असे, तेव्हा तिच्याही वाट्याला काही येई. बुधवारचं शिजवणं थोडंच, त्यामुळे आठवडा सरत जाई तशी तिच्या ताटात भात आणि भाजीचा रस्सा उरे. कुणी मागितलं नव्हतं, कुणी हिसकावलं नव्हतं. तिचा हातच तसा वळत होता आणि तिला पत्ता नव्हता. तिला स्वतःचा राग आला, आणि त्याहून जास्त नवल वाटलं.

"खा की," सासूबाई म्हणाल्या. "बघत काय बसलीस?"

ती खायला बसली. अर्धं संपल्यावर थोरलीने सवयीने ताट पुढे केलं, "आई, मला अजून."

"भांड्यात आहे. बाबांना सांग."

लेकीने आधी आईकडे, मग भांड्याकडे पाहिलं. मग ती उठली आणि स्वतः वाढून घेतलं.

दुसऱ्या दिवशी फिजिओथेरपिस्ट बाईंनी सगळं ऐकलं आणि कपाळावर हात मारला. "मी व्यायाम बसवला, कुकरसुद्धा बसवला. वाढणार कोण, हे विचारलंच नाही!" आखणीत त्यांनी दोनच फरक केले. बुधवारचे चणे वाढवले, आणि वाढायचं काम नवऱ्याकडे दिलं. पिशवीतली थोडी वाळू काढून पुन्हा हळूहळू भरायला सांगितली. पिशवी काही जादूने उठली नाही. पण दुसऱ्या आठवड्याच्या शुक्रवारी ती उठली, आणि थोरलीने प्रथमच बरोबर मोजलं.

चाचणीच्या दिवशी पहिला मजला सोपा गेला. दुसऱ्याच्या वळणावर सगळं वजन मागे आलं, म्हणजे तिच्यावर. दंड पेटले, घाम डोळ्यांत उतरला. ड्रायव्हर पुढून ओरडत होता, "सिस्टर, सोडू नका!" तिने सोडलं नाही. वर पुतळा टेकवल्यावर साहेब कागदावर काहीतरी खरडत म्हणाले, "उद्यापासून गाडी तुमची."

ती तिथेच पायरीवर बसली. तिला कडाडून भूक लागली होती. तिने पाठीवरच्या सॅकमधून डबा काढला. दोन अंडी आणि चणे. ड्रायव्हर शेजारी धपकन बसला आणि डब्यात डोकावला. "माझा डबा गाडीतच राहिला हो."

तिचा हात डब्यासकट त्याच्याकडे निघालासुद्धा. अर्ध्यावर तिला आपला हात दिसला.

"मग खाली जाऊन घेऊन या," ती म्हणाली, आणि पहिलं अंडं तोंडात टाकलं.