मक्यावर मका

भाच्याने दोन दिवसांचं शेती-शिबिर केलं होतं. तेव्हापासून घरात त्याला सगळे सल्लागार म्हणत. टोमणा होता, पण त्याला तो हुद्दा वाटे.

सकाळी तो करवतवाल्याला घेऊनच बांधावर आला. त्याच्या आणि मामींच्या शेतांमधला तो बांध सामायिक, त्यावरची तेरा झाडंही सामायिक. मामींची सही झाली की आजच आडवी करायची.

"मामी, झाडांलगतच्या दोन ओळींतली कणसं मोजली मी. निम्मीच. झाडं खातात आपलं पीक."

"दहावी ओळ मोजलीस?"

"ती कशाला?"

"जिथे उत्तर सोयीचं मिळालं तिथेच मोजणी थांबवलीस, म्हणून विचारलं."

परवाच्या वाऱ्याने सल्लागाराचा मका लोळवला होता. सलग तिसऱ्या वर्षी मक्यावर मका. बांधापलीकडे मामींचा मका ताठ उभा होता.

"माझाच का पडला म्हणशील?" मामींनी विचारायच्या आधीच तो म्हणाला. "कारण तुला झाडांचा आडोसा मिळाला."

करवतवाल्याने करवत खाली ठेवली. "साहेब, मग तीच कापायची ना?"

मामींनी सल्लागाराला तेवढ्यावर सोडलं नाही. "आडोसा मिळाला, खरंय. पण माझा खालचा तुकडा उघड्यावर आहे, तिथलाही उभाच आहे. चल, मक्याचं एक ताट उपट. तुझंच."

ताट हाताला लागताच निघून आलं. मामींनी मुळं बादलीत धुतली. मुळं कसली, कुरतडलेले शेंडे. मग खालच्या तुकड्यातलं एक ताट फावड्याने उकरून काढलं. त्याला मुळांचा दाट झुबका होता.

"मुळं खाणारी अळी," मामी म्हणाल्या. "तिचा भुंगा मक्याच्या शेतातच, मातीत अंडी घालतो. पुढच्या वर्षी अळ्या निघतात, आणि समोर पुन्हा मका. तू तीन वर्षं पंगत वाढतो आहेस. माझ्याकडे गेल्या वर्षी घेवडा होता. अळ्या निघाल्या, खायला मक्याचं मूळ नाही, मेल्या. वर घेवड्याने जमिनीला नत्र दिलं ते वेगळं."

"शिबिरात हे सांगितलं नव्हतं."

"सांगितलं असेल. तू जेवायला गेला असशील."

त्याने सहीचा कागद पुन्हा पुढे केला, सवयीने. "निदान अर्धी झाडं तरी?"

"नाही. लगतच्या दोन ओळी कमी येतात, ते मला ठाऊक आहे. म्हणून दरवर्षी फांद्या छाटते. बाकीच्या ओळींना वारा लागत नाही, ते कोण मोजणार?"

कागद त्याने खिशात कोंबला. "मग माझ्या शेताचं काय?"

"पुढच्या वर्षी घेवडा पेर. आणि हा पडलेला मका हाताने तोड. आडव्या पिकाला कापणीच्या यंत्राचं तोंड लागत नाही."

"मी? हाताने?"

"चांगला विळा देते," मामी म्हणाल्या. "धरायचा कसा, तेही दाखवते. त्याचं शिबिर नसतं."