पाणी : निरंक

त्या पेट्रोल पंपावर कामाला लागून विजयश्रीला दीड वर्ष झालं होतं आणि एवढ्या दिवसांत तिच्या कामाला नाव ठेवायची कुणाची छाती झाली नव्हती. मीटर शून्यावर आलेलं गिऱ्हाइकाला दाखवल्याशिवाय ती गाडीत नळी घालत नसे. तळेगाव-चाकण रस्त्यावरचे टेम्पोवाले रांग मोठी असली तरी तिच्याच बाजूला येत. मॅनेजर मुरारीला याचं कौतुक होतं आणि थोडी पोटदुखीही. पण सरळ माणसाचं असंच असतं. आयुष्यात एकदा पाय घसरतो आणि नेमका तेव्हाच गाव बघायला उभं राहतं.

तो सोमवार होता. जमिनीखालच्या डिझेलच्या टाकीत रोज सकाळी लांब मोजकाठी सोडावी लागते. काठीच्या टोकाला एक लेप लावतात. तळाशी पाणी असेल तर तेवढा लेप लाल होतो. पाण्याची पातळी आपोआप दाखवणारं यंत्र पंधरा दिवस बंद होतं, म्हणून सगळी भिस्त या काठीवर. रविवारी रात्री पाऊस झोडपून गेला होता आणि टाकीच्या झाकणाचं रबर कधीच कुजलं होतं. विजयश्रीने काठी वर ओढली तर लेप वीतभर लाल!

तिने धावत जाऊन मुरारीला काठी दाखवली. पाणी निघालं तर त्या टाकीची विक्री बंद ठेवून आधी ते उपसायचं, हा नियम तिच्याइतकाच त्यालाही पाठ होता. पण बाहेर सकाळच्या शिफ्टच्या बसगाड्या हॉर्न वाजवत उभ्या होत्या.

"बंद ठिवलं तर दादासाहेब माझी चामडी सोलतील," मुरारी म्हणाला. त्याने फडक्याने काठी पुसून टाकली. "दुपारी उपसून घेतो आमी. तू निरंक लिही."

तिने रजिस्टरात लिहिलं, 'पाणी : निरंक', आणि खाली सही केली. का केली? कारण पंप दादासाहेबांचा, आणि नवऱ्यासोबत ती राहते ती खोलीही दादासाहेबांच्याच चाळीतली. नवऱ्याला, ज्ञानेशला, त्याच्या कंपनीने कामावरून ब्रेक दिल्यापासून तो घरी होता, आणि लेकीची, दिव्याची शाळा नुकतीच सुरू झाली होती. अडला हरी गाढवाचे पाय धरी, म्हणतात ते उगीच नाही.

सव्वासातला उद्धवराव आले. औशाकडचे, तिच्याच गावाजवळचे. लातूर सोडून विजयश्री इकडे आली तेव्हा तिचा संसार त्यांच्याच टेम्पोतून आला होता. आता ते तोच टेम्पो चाकणच्या एका कारखान्याला सुटे भाग पोचवायला चालवत.

"भरा ताई, टाकी फुल," ते म्हणाले.

विजयश्रीने मुरारीकडे पाहिलं. त्याने मान हलवली. तिने भरलं. मीटर शून्यावर आलेलं तेवढं आठवणीने दाखवलं.

टेम्पो दोन कोसही गेला नाही. भर रस्त्यात बंद पडला, माल पोचला नाही, कारखान्यात लाइन थांबली आणि संध्याकाळी उद्धवरावांची गाडी यादीतून काढली गेली. सर्व्हिस सेंटरवाल्यांनी फिल्टर उघडून पाणी दाखवलं. इंजेक्टर गेले होते. डिझेल खराब म्हणून वॉरंटीतही बसेना. मग उद्धवरावांनी तेल कंपनीच्या फोनवर तक्रार नोंदवली. पंपाची चूक कंपनीने लेखी मान्य केली तर कारखाना गाडी परत घेणार होता. त्यांचं पोट त्या एका कागदावर लटकलं होतं.

हे सगळं त्यांनी स्वतःच येऊन विजयश्रीला सांगितलं. वर म्हणाले, "तुमच्यावर राग न्हाई बरं ताई. तुम्ही तर सांगतील ते काम करणाऱ्या."

शुक्रवारी कंपनीच्या विक्री अधिकारी नेहा मॅडम तपासणीला आल्या. तरुण बाई, पण कामाला चोख. उद्धवरावांनाही बोलावलेलं होतं. मॅडमनी पाच लिटरचं सीलबंद माप भरून पाहिलं, बरोबर आलं. घनता मोजून नोंदींशी ताडली, बरोबर. मोजकाठी टाकली, लेपाचा रंग बदलला नाही. बदलेल कसा? पाणी सोमवारी दुपारीच उपसलं होतं आणि त्यानंतर दोन टँकर खाली झाले होते.

उद्धवरावांनी पिशवीतून गढूळ डिझेलची बाटली काढली. मॅडमनी मान हलवली. "काका, गाडीतून काढलेला नमुना धरता येत नाही. पंपाच्या नळीतून, दोघांसमोर सील केलेलाच चालतो. आजचा मी प्रयोगशाळेला पाठवते, पण तो आजच्या डिझेलचा." मग त्यांनी रजिस्टर उघडलं. "यंत्र बंद होतं, म्हणजे सोमवारची ही हाताची नोंदच काय ती उरली. सही कुणाची आहे?"

"माझी," विजयश्री म्हणाली.

मॅडम येण्याआधीच मुरारीने तिला बाजूला घेतलं होतं. आवाज अगदी मऊ होता. "इचार करून बोल बाई. पाणी व्हतं म्हनलीस तर दंड पंपाला व्हईल, दादासाहेब भरत्याल. पन खोटं लिवलं कुनी? कागदावर माझं नाव न्हाई, तुझं हाय. आन् खोली पन इचारात घे." इकडे आड, तिकडे विहीर, आणि वर मुरारी पहारा देत उभा.

मॅडमनी तिच्याकडे बघितलं. त्या काही विचारणार, तेवढ्यात उद्धवरावच पुढे झाले.

"मॅडम, मी विचारतो. ताई आमच्याकडच्या हाईत, खोटं बोलणार न्हाईत." त्यांनी तिच्याकडे वळून हात जोडले. "ताई, त्या दिवशी काठी तुम्हीच टाकली ना? पाणी होतं का?"

विजयश्रीला वाटलं, त्यांनी ओरडावं, शिव्या द्याव्यात, खोटारडी म्हणावं. तसं असतं तर खरं बोलणं सोपं गेलं असतं. पण ते नुसते बघत होते, डॉक्टरकडे बघावं तसे. तिच्या डोळ्यांपुढे दिव्याचं दप्तर आलं, चाळीचं दार आलं. स्वतःची चीड आली आणि त्याच चिडीत तिच्या तोंडून शब्द गेला.

"नव्हतं."

उद्धवरावांनी बराच वेळ मान हलवली. मग हसले, ओशाळल्यासारखे.

मॅडम म्हणाल्या, "काका, तुमचं समाधान झालं नसेल तर तसं लिहा. टँकर खाली करताना राखून ठेवलेल्या नमुन्यांसकट मी सगळं वर पाठवते. चौकशी चालू राहील. सही करून समाधान झालं म्हणालात, तर मात्र तक्रार आजच बंद होईल."

"न्हाई मॅडम. ताई म्हणतात तर नसेलच पाणी. आदल्या रातीला पाऊस होता, माझ्याच टाकीत कुठून तरी शिरलं असेल." त्यांनी पेन घेतलं आणि एकेक अक्षर जपून लिहिलं, 'माझी खात्री झाली आहे. पंपाची चूक नाही.' सही केली. मुरारीला म्हणाले, "माफ करा भाऊ, उगं तुमच्या नावाला बट्टा लावला." मुरारीने त्यांच्यासाठी चहा मागवला.

मॅडमनी कागद विजयश्रीपुढे सरकवला. "तुमचा जबाब आहे, इथे साक्षीदार म्हणून सही करा."

तिच्या हातातलं पेन चालेना. उद्धवरावांना वाटलं, शाई संपली. त्यांनी खिशातलं स्वतःचं पेन काढून, टोपण उघडून तिच्या हातात दिलं.