चौकोनी टोकाची वायर

अपूर्व, माझा धाकटा भाऊ, गेल्यापासून अप्पा त्याचा गेम दिवसभर चालू ठेवायचे. पडद्यावर त्याचं पात्र शेकोटीपाशी बसलेलं असायचं. "बसलाय तो, बसू दे ग क्षमा," म्हणायचे.

आमच्या चामराजपेटेच्या गल्लीत वीज सारखी जाते. म्हणून मीच यूपीएस आणला, त्याची यूएसबी वायर कॉम्प्युटरला लावली आणि सेटिंग केलं. बॅटरी तीस टक्क्यांवर आली, की कॉम्प्युटर सगळं डिस्कवर उतरवून आपोआप बंद होणार. प्लग काढून दोनदा तपासलंही. अपूर्वचा खेळ जिच्यात साठवलेला होता, त्या सेव्ह फाइलची दुसरी प्रत तेवढी पेनड्राइव्हवर घ्यायची राहिली. रविवारी घेऊ, असं मी सहा महिने म्हणत होते.

सोमवारी ऑफिसातून आले तर पडदा काळा. दुपारी दोन तास वीज नव्हती. चालू केल्यावर गेम म्हणाला, सेव्ह फाइल खराब आहे. ती लिहिली जात असतानाच बॅटरी संपली होती.

मी टेबलामागे वाकले. वायरच नव्हती. म्हणजे आपण बॅटरीवर आहोत, हे कॉम्प्युटरला कळलंच नव्हतं.

"अप्पा, इथली वायर कोणी काढली?" मी ओरडलेच.

"मीच. प्रिंटरची सापडेना, ही तशीच चौकोनी टोकाची. कॉम्प्युटर तर चालूच होता की! स्वल्प काम होतं, परत लावणार होतो."

"एवढं काय छापायचं अडलं होतं?"

अप्पांनी कपाटातून कागदांचा गठ्ठा काढून माझ्या हातात दिला. अपूर्वच्या वर्षश्राद्धाची पत्रं होती.