एका पानात लिथियम

नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला शिकवणाऱ्या ट्यूटर मॅडमना पोरी मागून 'लालपेन' म्हणायच्या, आणि मॅडमना ते ठाऊक होतं. यंदाचा गृहपाठ त्यांनी असा दिला: प्रत्येकीने एक औषध घ्यायचं, त्याचा मोनोग्राफ, म्हणजे त्या औषधाची सविस्तर शास्त्रीय माहिती, पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचायचा आणि त्याचं एका पानाचं टिपण करायचं. "एक पान म्हणजे एक पान. मागे लिहिलंत तर मी उलटून बघणार नाही."

बाकीच्यांनी सोपी औषधं पटकावली. आमच्या धाकटीने लिथियम मागून घेतलं. घरात ती धाकटी, म्हणून आपणही धाकटीच म्हणू. तिची आई कितीतरी वर्षं लिथियम घेत होती, पण कॉलेजात ती हे कुणाला बोलली नाही. घरातसुद्धा त्या औषधाला नाव नव्हतं, 'आईची गोळी' एवढंच. ती गोळी दादा गावाच्या दुसऱ्या टोकाच्या दुकानातून आणायचा. कोपऱ्यावरचा दुकानदार अख्ख्या गल्लीला ओळखायचा, म्हणून त्याच्याकडून फक्त सर्दी, खोकला आणि मलम. डोक्याच्या आजाराची झाकली मूठ सवा लाखाची, असं दादाचं म्हणणं, आणि त्या मुठीत सगळं घर बसलेलं.

त्या दिवसांत आईचं बिनसलं होतं. कप उचलला की चहा बशीत सांडायचा. भिंत धरल्याशिवाय चालता येईना. जीभ जड झाली होती, शब्द लोळत बाहेर यायचे. त्यात उलट्या आणि जुलाब.

"पुन्हा सुरू झालं," दादा म्हणाला.

"हे ते नाही रे," आई म्हणाली. "ते आलं की मला झोप नको असते. सगळ्या जगाला पत्रं लिहावीशी वाटतात. आता तर माझे पाय माझं ऐकत नाहीत."

"दर वेळी असंच म्हणते," दादा स्वयंपाकघरात येऊन हळूच म्हणाला, आणि धाकटीने मान डोलावली. मान डोलावली एवढंच नाही. रोज ती आईसमोर पाण्याचा पेला घेऊन उभी राहायची, गोळी गिळल्यावर जीभ उचलून दाखवायला लावायची. आई दाखवायची, आणि मग भिंतीकडे तोंड करून पडायची.

त्याच खोलीतल्या टेबलावर धाकटी मोनोग्राफ वाचत होती. कशासाठी देतात, हा पहिला विभाग. तो दोन ओळींत बसला: उन्माद आणि नैराश्य आलटून-पालटून येणाऱ्या आजारासाठी. मग मात्रा. मग शरीरात औषधाचं काय होतं: यकृत त्याला हातही लावत नाही, सगळं मूत्रपिंडातून बाहेर जातं. उपयोगाची पातळी आणि विषाची पातळी यांत अंतर अगदी थोडं, म्हणून रक्त तपासत राहायचं. आईचं रक्त शेवटचं कधी तपासलं, हे आठवायला ती क्षणभर थांबली, आणि पान उलटलं. विषबाधेच्या विभागातून तिने सुरेख अक्षरात उतरवून घेतलं: हातांना मोठा कंप, उलट्या, जुलाब, तोल जाणे, बोलणे अडखळणे. मागे पलंगावर आई कुशीवर वळताना कण्हत होती. धाकटीने ओळीखाली पट्टीने रेघ मारली.

वेडी नव्हती ती. पण विषबाधा म्हणजे गोळ्या जास्त गेल्या, असं तिच्या डोक्यात पक्कं बसलं होतं, आणि आईच्या गोळ्या तर ती स्वतः मोजून द्यायची. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते असं.

पुढचा विभाग इतर औषधांशी होणाऱ्या परिणामांचा होता आणि तो संपता संपेना. पानावर जागा उरली होती दोन ओळींची. तिने लिहिलं: 'एनएसएआयडी, रक्तदाबाची काही औषधे व लघवी वाढवणाऱ्या गोळ्या यांमुळे पातळी वाढते.' सगळा पसारा एका वाक्यात आवरला, याचं तिला कौतुकही वाटलं.

कच्चं टिपण मॅडमनी दुसऱ्या दिवशी वाचनालयात तिच्या पुढ्यात टाकलं. एनएसएआयडीभोवती लाल गोल होता.

"ही कोण?"

"वेदनाशामकांचा गट, मॅडम."

"रुग्ण दुकानात जाऊन गट मागतो का? तो म्हणतो, गुडघा दुखतोय, काहीतरी द्या. नावं लिही. जागा नसेल तर ती सुंदर प्रस्तावना काप."

धाकटीने तोंड पाडून मोनोग्राफ पुन्हा उघडला. आयबुप्रोफेन. नॅप्रोक्सेन. इंडोमेथॅसिन. डायक्लोफेनॅक. ही औषधं मूत्रपिंडातून लिथियम बाहेर पडणं कमी करतात. नेहमीचीच मात्रा घेऊनही पातळी विषारी होऊ शकते. नेहमीचीच मात्रा. उलट्या-जुलाबांनी अंगातलं मीठपाणी गेलं, की आणखी वाढते.

हे सगळं सुरू व्हायच्या थोडं आधी आईचा गुडघा धरला होता. दादाने कोपऱ्यावरून गोळ्या आणल्या होत्या. दुकानदाराने "आणखी काही चालू आहे का?" असं विचारलं होतं आणि दादाने "छे, काही नाही" म्हटलं होतं. हे दादानेच घरी येऊन सांगितलं होतं, आपण कशी वेळ निभावली म्हणून.

ती घरी धावली. पाकिटावरच्या मोठ्या नावाखाली बारीक अक्षरांत डायक्लोफेनॅक होतं. तिला स्वतःची अशी चीड आली की पाकीट तिने भिंतीवर फेकून मारलं.

"त्या गोळीने कुणाला काय होतं? सगळं जग खातं," दादा म्हणाला.

"सगळं जग लिथियम खात नाही," ती ओरडली. घरात ते नाव मोठ्याने उच्चारलं गेलं ते त्या दिवशी पहिल्यांदा.

रुग्णालयात रक्तातली पातळी दोनाच्या वर निघाली; हवी होती एकाच्या आत. डॉक्टरांनी दोन्ही गोळ्या बंद केल्या, सलाईन लावलं, दर काही तासांनी रक्त काढत राहिले. आई वाचली. घरी आली ती हातातला थोडा कंप घेऊन. तो जाईल की राहील, हे डॉक्टरांनाही सांगता येईना.

गृहपाठाला वर्गात सर्वांत जास्त गुण धाकटीला. 'नेमके आणि उपयोगी,' असा शेरा, तोही लाल शाईत. दादाने कागद आईला दाखवला. "बघ, हिने वेळेवर वाचलं म्हणून."

आईने चष्मा लावला. कागद तिच्या हातात हलत होता, म्हणून तिने तो मांडीवर ठेवला. ती एकेक विभाग वाचत गेली, बोट ओळीखाली ठेवून, कुठेही घाई न करता. शेवटच्या चौकटीपाशी बोट थांबलं.

"'रुग्णाला काय सांगावे,'" तिने मोठ्याने वाचलं. जीभ अजून थोडी अडखळत होती. "पाणी पुष्कळ प्यावे. मीठ एकदम कमी करू नये. विचारल्याशिवाय दुखण्याची गोळी घेऊ नये. छान लिहिलंयस गं."

"आई..."

"मी तुम्हाला सांगत होते. हे ते नाही, म्हणत होते. तुम्ही माझी जीभ उचलून बघत होतात." तिने कागद नीट घडी घालून परत दिला. "रुग्ण काय सांगतो, ते लिहायला जागा नव्हती का?"

दादा खिडकीबाहेर बघू लागला. धाकटीने कागदाची घडी पुन्हा उलगडली.

"एकच पान होतं, आई."